बाइकचा कूलंट बदलताना: रेडीमिक्स घ्यावा की कॉन्सन्ट्रेट?

लिक्विड कूल्ड बाइकला कूलंट जेमतेम लिटरभर लागतो, काहींना त्याहूनही कमी. एवढ्याशा कामासाठी आधीच पाणी मिसळलेल्या रेडीमिक्सची बाटली आणणं सोपं, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर. पण इंजिन आतून धुणार असाल, तर मी पाणी न मिसळलेला कॉन्सन्ट्रेटच घेतो. कारण पुढे येईलच.

आधी जुना कूलंट काढा. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळता कूलंट तोंडावर उडतो. वॉटर पंपाजवळचा ड्रेन बोल्ट सोडा, मग झाकण उघडा. कूलंटच्या राखीव टाकीतला कूलंटही काढा. निघालेलं सगळं मापाच्या भांड्यात मोजा. हा कूलंट गोडसर लागतो आणि विषारी असतो. कुत्र्या-मांजरांच्या वाटेत भांडं ठेवू नका, गटारातही ओतू नका.

निघालेला कूलंट स्वच्छ असेल, तर धुण्याची गरज नाही. त्याच प्रकारचा रेडीमिक्स भरा. गढूळ किंवा गंजकट असेल, तर डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थोडं चालवून, थंड झाल्यावर काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

आता खरी गंमत. समजा, एकूण क्षमता १ लिटर आहे आणि धुतल्यावर ८०० मिलीच पाणी बाहेर आलं. म्हणजे २०० मिली आतच राहिलं. त्यावर ८०० मिली रेडीमिक्स, म्हणजे अर्धं पाणी असलेला, ओतलात तर कूलंटचा अंश ४०० मिलीच, ४० टक्के. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण गंजरोधक द्रव्यंही तेवढीच पातळ होतात. त्याऐवजी आधी ५०० मिली कॉन्सन्ट्रेट आणि मग ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर ओता; प्रमाण बरोबर निम्मं-निम्मं होतं. मात्र लेबल वाचा, काही कॉन्सन्ट्रेट एक भागाला तीन भाग पाणी अशा वेगळ्या प्रमाणात वापरायचे असतात. ॲल्युमिनियम इंजिनाला चालतो हेही त्यावर पाहा. रंगावरून प्रकार ओळखू नका, रंगाला ठराविक नियम नाही.

ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. हळूहळू भरा, होज दाबून हवेचे बुडबुडे काढा, इंजिन थोडं चालवा आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. राखीव टाकीतली पातळी दोन खुणांमध्ये असावी.

उरलेला कूलंट मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, उघडल्याची तारीख लिहून ठेवा. पाण्याच्या बाटलीत भरलात तर घरातलं कुणीतरी पिऊन टाकेल. मधूनमधून ५०-१०० मिली भरायला तोच पुरतो. पण दर महिन्याला भरावं लागत असेल, तर गळती शोधा: वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकाजवळ वाळलेला रंगीत डाग दिसतो का, ते आधी पाहा.

कधी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. साधारण दोन ते तीन वर्षं. गाडी कमी चालली तरी मुदत तीच, कारण गंजरोधक द्रव्यं किलोमीटरवरच नाही, काळावरही संपतात.