सहा विटा, आणि सर्वात वरची अख्खी ओट्याबाहेर

पंचवटीत मामांच्या घराचं काम चालू होतं, तेव्हा गवंडी जेवायला बसले की आम्ही ओट्यावर विटा रचत बसायचो. सिमेंट न लावता वीट किती बाहेर काढता येते, यावर पैज लागायची. बहुतेक जण खालचीच वीट भरपूर पुढे काढतात आणि तिसऱ्या विटेलाच सगळं खाली येतं. हा हिशोब वरून खाली करायचा असतो.

ओट्याच्या कडेला सहा विटा एकावर एक, टोकं जुळवून ठेवा. खाली वाळूची पोती टाका. वीट ९ इंच लांब धरू.

आधी सर्वात वरची वीट हळूहळू पुढे ढकला. तिचा गुरुत्वमध्य मधोमध, म्हणजे टोकापासून ४.५ इंचांवर असतो. तो खालच्या विटेच्या कडेवर आला की वीट झुकायला लागते. तेवढीच तिची मर्यादा.

आता दुसरी वीट ढकला, पहिली तिच्यावर बसून आपोआप पुढे जाईल. पहिलीचं वजन दुसरीच्या टोकावर आहे आणि दुसरीचं स्वतःचं टोकापासून ४.५ इंच आत. वजनं सारखी, म्हणून दोघींचा मिळून गुरुत्वमध्य बरोबर मध्ये, २.२५ इंचांवर. तेवढंच बाहेर काढता येतं. तिसरीच्या वेळी तिच्या टोकावर दोन विटांचा भार असतो, म्हणून गुरुत्वमध्य टोकाकडे आणखी सरकतो आणि १.५ इंच मिळतात. थोडक्यात, ४.५ ला वरून मोजलेल्या विटेच्या क्रमांकाने भागायचं. चौथी १.१२५, पाचवी ०.९, सहावी ०.७५.

कागदावर चार विटांतच ९.३७५ इंच होतात, म्हणजे वरची वीट पूर्ण बाहेर. प्रत्यक्षात विटेच्या कडा झिजलेल्या असतात, कोपरे उडालेले असतात. म्हणून झुकायची जाणीव झाली की प्रत्येक वीट पाव इंच मागे घ्या. सहा विटांचे ११.०२५ इंच होतात, त्यातून १.५ गेले तरी ९.५ उरतात.

मोठी गफलत होते ती ओल्या विटांनी. बांधकामासाठी विटा भिजवलेल्या असतात. ओली वीट वर आणि कोरड्या खाली आल्या की वरचं वजन वाढतं आणि पडझड होते. सगळ्या कोरड्याच घ्या.

थरात एकच वीट ठेवायची, तर या पद्धतीला वरची हद्द नाही, पण वाढ फार मंद आहे. दोन विटांच्या लांबीइतकं बाहेर जायला ३१ विटा लागतात, तीनला २२७. मागे वजन ठेवून दाबलं तर कमी विटांत जास्त मिळतं, पण तो वेगळा खेळ.

रचून झालं की गवंड्याचा ओळंबा मागून घ्या. वरच्या विटेच्या मागच्या टोकाशी, रचनेच्या बाजूने तो सोडा. दोरी ओट्याच्या कडेला न शिवता अर्धा इंच बाहेरून खाली उतरेल.