तोंडी सांगितलेलं जादा काम बिलात कसं टिकवायचं

समजा, ड्रॉइंगमध्ये पायाची खोली दीड मीटर आहे. खाली भुसभुशीत माती लागली, म्हणून कन्सल्टंटचा इंजिनिअर साइटवर म्हणाला, "अजून दोन फूट जा, बघू नंतर." दोन बाय दोन मीटरचे बारा फूटिंग, प्रत्येकी ०.६ मीटर जादा, म्हणजे २८.८ घनमीटर खोदाई. त्यावर पीसीसी पडलं की ती कुणालाच मोजता येत नाही, आणि फायनल बिलात ड्रॉइंगच्या खोलीएवढंच मान्य होतं.

बहुतेक करारांत लेखी आदेशाशिवाय जादा कामाचे पैसे मिळणार नाहीत असं कलम असतं. म्हणून त्याच संध्याकाळी ईमेल करा: कोणी, कधी, काय सांगितलं, कोणते फूटिंग, किती खोली, दर कोणता, आणि लेखी आदेश मागा. पीसीसीआधी संयुक्त मोजमाप घेऊन दोघांच्या सह्या घ्या. फोटोत टेप आणि फूटिंगचा नंबर दिसू द्या. खोदाईचा दर करारात असतो, पण तो ठरावीक खोलीपर्यंतचाच असेल तर पुढच्या खोलीचं रेट अॅनालिसिस सोबत जोडा.

ईमेलला उत्तर नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असं धरू नका. करारात तशी तरतूद असली तरच ते चालतं. पुढच्या आरए बिलात ही रक्कम वेगळी दाखवा, कापली तर लेखी हरकत घ्या. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० केलेल्या कामाचा मोबदला देतं खरं, पण करारातच जादा कामाची पद्धत ठरलेली असेल तर त्याचा आधार सहसा मिळत नाही.