या चुका टाळा: कॉलमचं बीबीएस तपासताना लॅप, कव्हर आणि बार मार्क कुठे फसवतात

बीबीएस, म्हणजे कुठला बार किती लांबीचा कापायचा आणि कसा वाकवायचा त्याचं बार बेंडिंग शेड्यूल, चेकिंगला आलं की बरेच जण कॅल्क्युलेटर घेऊन तोच हिशोब पुन्हा करतात, मजल्याची उंची अधिक लॅप, उत्तर जुळलं, टिक. गोची अशी आहे की शीट बनवणाऱ्याने जे धरलंय तेच आपणही धरतो, मग चूक दोघांचीही सारखीच येते आणि आकडा मस्त जुळतो. मी उलटीकडून जाते. कटिंग लेंथमधून उंची वजा करायची, उरला तो लॅप, म्हणजे खालच्या आणि वरच्या बारने एकमेकांशेजारी जायची लांबी, त्याला बारच्या डायाने भागायचं आणि मगच ड्रॉइंग उघडायचं.

वाघोली साइडला आमचं एक काम चालू होतं त्यातला कॉलम सी-7 सांगते. साइज 300 × 750, काँक्रीट एम 30, स्टील एफई 500, उभे बार 10 नग 20 एमएमचे, सगळे मजले पार्किंगसकट 3 मीटरचे. ड्रॉइंगमध्ये लॅप 46 डी, म्हणजे बारच्या डायाच्या 46 पट दिलेला. तो येतो काँक्रीटच्या कोडमधून, आयएस 456 मधून, 0.87 × 500 भागिले (4 × 1.5 × 1.6), म्हणजे 45.3, वर राउंड करून 46. 20 एमएमला 920 एमएम झाला. आणि डिटेल असं होतं की 5 बारचा लॅप एका मजल्यावर, उरलेल्या 5 चा पुढच्या मजल्यावर, म्हणजे प्रत्येक बार दोन मजले उंच आणि लांबी 6.92 मीटर.

शीटवर होती 6.80. खाली नोट, "लॅप 50 डी". ती वाचून सगळे निवांत, कारण ड्रॉइंगला 46 आणि शीटला 50 म्हणजे जास्तच दिलाय की. मी उलटा हिशोब केला तर 6800 वजा 6000, उरले 800, भागिले 20, आले 40 डी! सेल उघडला तर आत हे होतं:

```
=(2*3000+50*16)/1000
```

मग लक्षात आलं. पहिल्या रिव्हिजनला बार 16 चे होते, आर-2 मध्ये 20 झाले, शीटच्या डायाच्या कॉलममध्ये 20 टाकलेही, पण फॉर्म्युल्यात 16 हाताने टाइप केलेला होता तो तसाच राहिला. वजन नवीन डायाने निघालं त्यामुळे बिलिंगवाल्यालाही काही खटकलं नाही. दर बारमागे 120 एमएम लॅप कमी, आणि कागदावर 50 डी. म्हणून आता मी शेवटी एक जादा कॉलम लावते, बी मध्ये डाया आणि एफ मध्ये मीटरमधली कटिंग लेंथ असेल तर:

```
=(F12*1000-2*3000)/B12
```

उत्तर 46 च्या खाली आलं की ती ओळ लाल. हे सरळ बारलाच चालतं बरं का, एल किंवा क्रँक असेल तर आधी पायाची लांबी आणि बेंडचा हिशोब बाजूला काढावा लागतो. आणि उंची शीटमधून घेऊ नका, सेक्शनवरच्या लेव्हलमधून घ्या, नाहीतर उंचीच चुकलेली असेल तर लॅप उगाच भारी दिसतो.

आता कव्हर, म्हणजे स्टीलच्या बाहेर राहणारा काँक्रीटचा थर. इथे मात्र मी उशिरा पोचले, दोन कॉलमच्या रिंगा वाकवून, बांधूनही झाल्या होत्या. फिटरचा फोरमन लातूरकडचा, अनुभवी माणूस, तो वर आला आणि म्हणाला, "मॅडम, शटर लावताना चाळीसचा कव्हर ब्लॉक बसंना झालाय, पंचवीसचा लावू का?" मी खाली जाऊन टेप लावली. शटर आतून 300 बरोबर, रिंग बाहेरून बाहेर 236. उरले 64, आणि दोन बाजूंचे ब्लॉक धरून लागतात 80. मग ब्लॉक बसणार कसा? त्या माणसाने विचारलं तरी, न विचारता ब्लॉक काढून टाकणारे खूप आहेत.

236 हा आकडाच चूक कुठली ते सांगतो. 300 वजा 236 भागिले 2, म्हणजे 32, आणि 40 पेक्षा नेमकं 8 ने कमी, रिंगही 8 एमएमचीच. म्हणजे शीटवाल्याने कव्हर मेन बारपर्यंत मोजलं. आयएस 456 मध्ये नॉमिनल कव्हर हे लिंकसकट, म्हणजे रिंगसकट सगळ्या स्टीलला धरायचं असतं, त्यामुळे रिंग बाहेरून 220 × 670 हवी होती. 250 आलं असतं तर समजायचं की बीमचं 25 कव्हर कॉपी झालंय. 212 आलं तर बहुतेक सेंटरलाइनचं माप आहे, ती चूक असेलच असं नाही, पण बेंडिंग करणारा बाहेरून माप लावत असेल तर रिंग 8 एमएमने लहान होणार, तेव्हा शीटवर माप कुठून कुठे ते लिहून घ्या. 8 एमएमने काय होतंय असं म्हणणारे भेटतात, त्यांना मी कोड दाखवते, प्रत्यक्ष कव्हर 10 एमएमपर्यंत जास्त चालतं, कमी अजिबात नाही. त्या रिंगा सोडवून बाजूला काढल्या आणि नवीन वाकवल्या.

तिसरी चूक बार मार्कची, म्हणजे एकसारख्या बारना शीटवर दिलेल्या नंबरची, आणि खरं तर हीच सगळ्यात जास्त महागात पडली असती. फुटिंगमधून निघणाऱ्या स्टार्टरला शीटवर एकच मार्क होता, 10 नग, एकच लांबी. दिसायला अगदी स्वच्छ. पण ड्रॉइंगप्रमाणे 5 बार पार्किंगमध्ये संपायला हवेत आणि 5 पहिल्या मजल्यावर, म्हणजे दोन मार्क, आणि त्यांच्या लांबीत फरक बरोबर एका मजल्याचा, 3000. एकाच मार्कने कापले असते तर दहाच्या दहा लॅप एकाच लेव्हलला आले असते, आणि एकदा स्टार्टर तसे उभे राहिले की वर शेवटच्या स्लॅबपर्यंत तेच चालू राहतं. भूकंपाच्या डिटेलिंगच्या आयएस 13920 मध्ये कॉलमचा लॅप क्लिअर उंचीच्या मधल्या अर्ध्यातच आणि एका जागी निम्म्यापेक्षा जास्त बार नाहीत असं आहे, आणि 2016 च्या आयएस 1893 मध्ये पुणे भूकंपाच्या झोन 3 मध्ये असल्याने तो कोड इथे लागतो.

मग एकाच मजल्यात वरखाली करून का नाही बसवायचे, असं आमच्या ज्युनियरने विचारलं. बीम 600 चा, क्लिअर उंची राहिली 2400, मधला अर्धा 1200. एक लॅप 920 चा, बसतो. दुसरा त्याच्यापासून 1.3 पट, म्हणजे सेंटर टू सेंटर साधारण 1200 वर न्यायचा तर दोन्ही मिळून 2120 लागतात. जागाच नाहीये. म्हणून कन्सल्टंटने दोन मजल्यांचा बार दिलाय, हौस म्हणून नाही.

एकच मार्क का होतो त्यालाही कारण आहे. 3.92 चे तुकडे 12 मीटरच्या बारमधून तीन निघतात, 11.76, वेस्टेज जवळजवळ नाहीच. 6.92 चा एकच निघतो आणि 5.08 उरतो. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरचा कल आपोआप प्रत्येक मजल्यावर लॅप घेण्याकडे जातो आणि शीट बनवणाराही तसंच टाकून मोकळा होतो. आम्ही उरलेले तुकडे दुसऱ्या 20 एमएमच्या कामांना लावले, त्यांची यादी शीटच्या शेवटी जोडली.

मार्क तपासायला मी ड्रॉइंगची प्रिंट आणि हायलायटर घेते. शीटवरची एक ओळ वाचायची, तो बार ड्रॉइंगवर शोधून रंगवायचा. शेवटी ड्रॉइंगवर न रंगलेला बार राहिला तर तो शीटमध्ये नाहीच, आणि शीटवरची ओळ रंगवायला बार सापडला नाही तर ती जुन्या रिव्हिजनची आहे. मग शीट मार्कप्रमाणे सॉर्ट करायचं, एका मार्कला दोन डाया किंवा दोन लांब्या दिसल्या की थांबायचं. सी-7 ला आर-1 चे टॅग लागलेली 16 एमएमची दोन बंडलं यार्डात तशीच पडली होती, मार्क नंबर नवीन 20 च्या बारचाच. ते टॅग त्याच दिवशी कापून टाकले.