लोकल सुटायला पाच मिनिटं असताना तिकीट

समजा, ठाण्याहून दादरला निघालाय. रेलवन ॲपवरचं पेपरलेस तिकीट रिक्षातून उतरण्याआधीच काढा. रुळांच्या अगदी जवळ किंवा फलाटावर पोहोचल्यावर ॲप ते काढूच देत नाही, कारण ते जीपीएसवरून तुमची जागा तपासतं. ॲपमधल्या आर-वॉलेटमध्ये पैसे आधीच भरून ठेवा, म्हणजे यूपीआयची चकती फिरत बसत नाही. पैसे कापले गेले, पण तिकीट दिसत नसेल तर गाडीत चढू नका. नुसते पैसे कापले जाणं म्हणजे तिकीट नव्हे. आधी बुकिंग हिस्टरी पाहा. तिथेही नसेल, तर सरळ स्टेशनवरचं तिकिटाचं यंत्र, म्हणजे एटीव्हीएम गाठा, खिडकीपेक्षा तिथली रांग बहुधा लवकर सरकते. टीसीला तिकीट ॲपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून फोनची बॅटरीही बघून घ्या.