ट्यूब फडफडते, टोकं काळी पडलीत: दोष नेमका कुणाचा?

ट्यूब फडफडायला लागली की शेजारीपाजारी सगळ्यांचा सल्ला एकच असतो: "स्टार्टर बदला." स्टार्टर बदलून भागलं नाही तर "नवी ट्यूब आणा." त्यानंही भागलं नाही की "ही पट्टीच काढून टाका." आमच्या गावच्या वाचनालयात सतरा पट्ट्या आहेत आणि गेली बारा वर्षं त्यांच्याखाली शिडी धरून मी उभा आहे. हा क्रम चुकीचा आहे, आणि त्यातली दुसरी पायरी तर पैसे बुडवणारी आहे. का, ते पुढे येईलच.

आधी पट्टी कोणती आहे ते बघा. बाजूला काडेपेटीपेक्षा लहान, गोल, पांढरा स्टार्टर असेल तर आत तांब्याचा जड चोक आहे. स्टार्टर नसेल आणि पट्टी हाताला हलकी लागत असेल तर इलेक्ट्रॉनिक चोक. दोन्हींचे आजार वेगळे, म्हणून एकाची परीक्षा दुसऱ्याला लावू नका.

तांब्याच्या चोकची पट्टी कशी पेटते हे दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बटण दाबलं की स्टार्टरमधली धातूची पाती चिकटते, दोन्ही टोकांच्या तारा लाल होतात. मग ती पाती सुटते, त्या क्षणी चोक मोठा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पेटल्यावर ट्यूबवर १०० व्होल्टच्या आसपासच दाब उरतो, तेवढ्यावर स्टार्टर जागा होत नाही, आणि वीज किती वाहू द्यायची ते चोक सांभाळतो.

म्हणजे पेटून स्थिर झालेल्या ट्यूबला स्टार्टरची गरजच नाही. यातूनच सर्वांत सोपी परीक्षा निघते. ट्यूब फडफडत असताना, क्षणभर पेटली की स्टार्टर डावीकडे फिरवून काढून घ्या. त्याचं प्लास्टिक धड असेल तरच हात लावा, आणि उघड्या खाचेत बोट घालू नका. ट्यूब शांतपणे जळत राहिली तर दोषी स्टार्टर. विझली किंवा थरथरतच राहिली तर स्टार्टर निर्दोष. दोन्ही टोकं लालसर आणि मधला भाग अंधारा असेल, आणि स्टार्टर काढताच ट्यूब लख्ख पेटली, तर स्टार्टर आतून चिकटलाय. असा स्टार्टर तसाच ठेवला तर टोकं रात्रभर तापत राहतात आणि ट्यूबचा बळी जातो. नवा घेताना त्यावरचे वॅट वाचा. चार फुटी ट्यूबला ४–६५ किंवा ४–८० वॅटचा लागतो. ४–२२ वॅटचा लावलात तर तो ट्यूब पेटल्यावरही जागाच राहील आणि फडफड थांबणार नाही.

आता काळ्या टोकांबद्दल. टोकाच्या तारेवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. प्रत्येक वेळी ट्यूब पेटताना तो थोडा उडतो आणि काचेवर बसतो. म्हणून दोन-तीन वर्षं जळलेल्या ट्यूबची दोन्ही टोकं सारखी काळी होणं हे म्हातारपण आहे, रोग नाही. लेप संपला की ट्यूबला पेटायला जास्त दाब लागतो, तो दाब स्टार्टरला पुन्हा उठवतो, आणि पेटव-विझव सुरू होते. सरळ हिशेब आहे.

तो हिशेब चुकतो तेव्हाच खरी पंचाईत होते, आणि मी तिथेच फसलो होतो.

वाचनालयाच्या जिन्यातली पट्टी फडफडत होती, टोकं काळी. मी नवी ट्यूब लावली, छान पेटली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. नवव्या दिवशी टोकं काळी आणि ट्यूब बंद. दुकानदार म्हणाला, "माल खराब आला असेल, काका," आणि बदलून दिली. दुसरी ट्यूब सहा दिवस टिकली. तिसरी लावायला शिडीवर चढलो तेव्हा पट्टीच्या झाकणाला मनगट टेकलं आणि चटका बसला. चोकच्या आतले वेढे एकमेकांना चिकटले होते. वीज आवरायचं त्याचं कामच संपलं होतं, आणि मी त्याच्या तोंडी एकामागून एक नव्या ट्यूब देत होतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही: संशय आला की नवी ट्यूब दुखऱ्या पट्टीत घालायची नाही. जुनी ट्यूब चांगल्या पट्टीत नेऊन बघायची. उलट केलंत तर दोष चोकचा असला तरी नवी ट्यूब आधी छान पेटते, तुम्ही खूश होऊन शिडी उचलता, आणि आठवड्याने परत तिथेच. शिवाय आता दोन गोष्टी बिघडलेल्या असतात.

जुनी ट्यूब चांगल्या पट्टीतही फडफडली तर ती म्हातारी झालीय. मूळ पट्टीत निर्धास्तपणे नवी लावा, पण टोकं किती दिवसांत काळी झाली याचा विचार करा. महिनाभरात झाली असतील तर चोक तपासल्याशिवाय नको. जुनी ट्यूब चांगल्या पट्टीत नीट जळली तर ट्यूब सुटली. मग दोष मूळ पट्टीच्या स्टार्टर, होल्डर किंवा चोकमध्ये. होल्डर दाबल्यावर उजेड स्थिर होत असेल तर पत्रा सैल झालाय. तो दोन मिनिटांत बदलता येतो.

या अदलाबदलीत एक सापळा आहे, आणि त्यात जाणते वायरमनही अडकलेले मी पाहिलेत. परीक्षेची चांगली पट्टी तांब्याच्या चोकचीच हवी. काही स्वस्त इलेक्ट्रॉनिक चोक ट्यूबच्या टोकाच्या दोन्ही पिना एकत्र जोडून, टोक न तापवता थेट झटक्याने पेटवतात. अशा पट्टीत एका टोकाची तार तुटलेली ट्यूबही लख्ख जळते. तुम्ही म्हणणार "ट्यूब चांगली आहे" आणि चोक, स्टार्टर, वायर सगळं सोलून काढणार, दोष मात्र त्या तुटक्या तारेत. मल्टिमीटर असेल तर ट्यूब काढून दोन्ही टोकांच्या पिना मोजा. दोन-चार ओहम दाखवले तर तार शाबूत. काहीच दाखवलं नाही तर तुटली. पण तार शाबूत म्हणजे लेप शाबूत असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

चोकची परीक्षा. पूर्ण तुटलेला चोक सोपा असतो, पट्टीत जीवच येत नाही. आतून चिकटलेला चोक लबाड. ओहममध्ये मोजलात तर फरक फार थोडा दिसतो, कारण थोडे वेढे चिकटले तरी तारेची लांबी फारशी घटत नाही, आवरायची ताकद मात्र बरीच जाते. जिन्यातल्या चोकने मला ३१ ओहम दाखवले होते, शेजारच्या त्याच कंपनीच्या चांगल्या चोकने ३७. एवढ्या फरकावर कोण चोक फेकेल?

म्हणून मी सिरीज बोर्डावर १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब आणि चोक एकामागे एक जोडतो. चांगल्या चोकमागे बल्ब स्पष्ट मंद जळतो. आतून चिकटलेल्या चोकमागे जवळजवळ पूर्ण उजेड देतो. शेजारी चांगला चोक जोडून तुलना केली की शंका उरत नाही. एलईडी बल्ब इथे चालत नाही. ही परीक्षा चालू विजेवरची आहे. सिरीज बोर्ड कधी हाताळला नसेल तर चोक काढून वायरमनकडे न्या आणि "बल्बवर बघून द्या" एवढंच सांगा. तेही नको असेल तर हाताचा अंदाज आहे: अर्धा तास जळल्यावर मेन बंद करा आणि झाकणावरून हात फिरवा. चांगलाही चोक गरम होतो, पण हात ठेवता येतो. हात झटकन मागे घ्यावा लागला, जळका वास आला किंवा डांबर ओघळलेलं दिसलं तर चोक गेला. नुसती घूं-घूं करणारा चोक मात्र बहुतेक वेळा ठीकच असतो, त्याचे पत्रे सैल झालेले असतात.

इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये फडफड असेल तर आधी ट्यूबच बदलून बघा, इथे माझा वरचा नियम उलटा होतो. लेप संपलेली ट्यूब साधा इलेक्ट्रॉनिक चोक फार वेळ सहन करत नाही, त्याचे ट्रान्झिस्टर उडतात. म्हणून काळी, थरथरणारी ट्यूब त्यावर "चालतेय तोवर चालू दे" म्हणून ठेवू नका. नवी ट्यूबही मंद आणि थरथरती जळली तर आतला कपॅसिटर सुकलाय. पट्टी पूर्ण मुकी असेल आणि वास असेल तर ट्रान्झिस्टर गेलेत. दोन्ही वेळा चोक बदलावा. उघडून दुरुस्त करणार असाल तर मेन बंद केल्यावरही तो मोठा कपॅसिटर भरलेला असू शकतो, त्याला आधी रिकामा करा.

काहीही खोलण्याआधी घड्याळ बघा. संध्याकाळी सात ते नऊच फडफड होते, पंखेही संथ फिरतात आणि रात्री अकरानंतर तीच ट्यूब शहाण्यासारखी जळते, तर दाब कमी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतीपंप सुरू झाले की हेच होतं. त्यावर स्टार्टर बदलणं म्हणजे वाऱ्याला काठी मारणं. आणि बटण बंद असतानाही टोक अंधुक चमकत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय. ते आधी दुरुस्त करून घ्या, कारण अशा पट्टीत बटण बंद करूनही वीज असते. मी याच कारणासाठी शिडीवर चढण्याआधी बटण नव्हे, मेन बंद करतो.

ट्यूब काढताना पाव फेरी फिरवून सरळ खाली घ्यायची. हातून फुटली तर खिडक्या उघडा, झाडू न मारता जाड कागदाने तुकडे गोळा करा आणि जमीन ओल्या कागदाने पुसा. आत पारा असतो.

नव्या ट्यूबच्या पत्र्याच्या टोपीवर मी मार्करने तारीख लिहितो. पुढच्या वेळी काळं टोक दिसलं आणि तारीख सहा महिन्यांच्या आतली निघाली, तर ट्यूब घ्यायला दुकानात जात नाही, सिरीज बोर्ड काढतो.