फेज डायग्राम वाचताना या चुका टाळा: मे महिन्यातला सिलिंडर आणि डिकॅफ कॉफी

बडोद्यात रसायनशास्त्राची शिकवणी घेताना पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचे फेज डायग्राम, म्हणजे आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्यावर दाब घेऊन पदार्थ कुठे घन, कुठे द्रव आणि कुठे वायू असतो हे दाखवणाऱ्या आकृत्या, मी नेहमी एकाच पानावर, शेजारी शेजारी काढायला सांगते. बहुतेक मुलं दोन्ही आकृत्या सारख्याच काढतात आणि फक्त आकडे बदलतात. पुढे कार्बन डायऑक्साइड वापरून कॉफीतलं कॅफीन काढण्याचा विषय आला की याच सवयीमुळे गाडी अडते.

पाण्याचा साचा कार्बन डायऑक्साइडला लावणं

दोन्ही आकृत्यांवर आधी १ वातावरण दाबाची आडवी रेघ ओढावी. पाण्याचा ट्रिपल पॉइंट, म्हणजे तिन्ही अवस्था एकत्र नांदतात तो बिंदू, ०.०१ अंश आणि ०.००६ बारवर, म्हणजे या रेघेच्या बराच खाली आहे. त्यामुळे रेघेवरून उजवीकडे जाताना बर्फ, पाणी आणि वाफ अशा तिन्ही अवस्था लागतात. कार्बन डायऑक्साइडचा ट्रिपल पॉइंट उणे ५६.६ अंश आणि ५.१८ बारवर आहे, रेघेच्या वर. म्हणून ड्राय आइस उणे ७८.५ अंशाला थेट वायू होतो. यात त्या पदार्थाचा काही खास स्वभाव नाही, आपण राहतो त्या हवेचा दाब कमी पडतो एवढंच. ५.१८ बारच्या वरचा दाब दिला तर ड्राय आइसही वितळून द्रव होतो.

दुसरी खूण वितळण्याच्या रेषेची. पाण्याची रेषा डावीकडे कलते, कारण बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. घन कार्बन डायऑक्साइड मात्र त्याच्या द्रवापेक्षा जड असतो, म्हणून त्याची रेषा उजवीकडे कलते. तपासणाऱ्याची नजर पहिल्यांदा इथेच जाते.

क्रिटिकल पॉइंटपाशी चौकट आखणं

पुस्तकात क्रिटिकल पॉइंटपासून एक तुटक रेघ वर जाते, एक उजवीकडे, आणि मधल्या चौकटीत ‘सुपरक्रिटिकल’ असं लिहिलेलं असतं. त्यावरून मुलांना वाटतं की ही रेघ ओलांडताना उकळण्यासारखं काहीतरी घडत असणार. तसं काहीही घडत नाही. द्रव आणि वायूमधली खरी सीमा म्हणजे ती वक्र रेषा, आणि ती क्रिटिकल पॉइंटला संपते. कार्बन डायऑक्साइडसाठी हा बिंदू ३१ अंश आणि ७३.८ बारवर आहे, पाण्यासाठी ३७४ अंश आणि २२१ बारवर. त्यापलीकडे घनता सलग बदलत जाते. पृष्ठभाग नसतो, बुडबुडे नसतात.

हे समजायला बडोद्याचा मे महिना पुरेसा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये लिटरमागे साधारण दोन-तृतीयांश किलो माल भरतात. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशाला आत द्रव आणि वायू दोन्ही असतात, आणि गेज सुमारे ५१ बार दाखवतं. सिलिंडर पूर्ण भरलेला असो की अर्धा, आकडा तोच, कारण आत द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. म्हणून गेज पाहून ‘भरलेला आहे’ म्हणू नये, सिलिंडर तोलावा. मे महिन्यात खोली ४० अंशाला पोचली की आत द्रवाची पातळीच उरत नाही. आता पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब शंभर बारच्या पुढे जातो आणि अर्ध्याचा ऐंशीच्या थोडा वर राहतो. पुस्तकातली ती चौकट त्या लोखंडी बाटलीत प्रत्यक्ष उतरलेली असते.

‘३१ अंश, ७४ बार झाले की कॅफीन निघतं’

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सुपरक्रिटिकल हा शिक्का बसला म्हणून विरघळवण्याची ताकद येत नाही, ती प्रामुख्याने घनतेवर अवलंबून असते. ४० अंशाला ८० बारवर कार्बन डायऑक्साइडची घनता मिलिलिटरला ०.२८ ग्रॅम असते, १०० बारवर तीच ०.६३ होते. वीस बारमध्ये दुपटीहून जास्त! उलट ८० बार तसेच ठेवून तापमान ३५ वरून ४० केलं तर घनता ०.४२ वरून ०.२८ वर घसरते. क्रिटिकल पॉइंटजवळ काम करणाऱ्याला प्रत्येक दिवशी वेगळं उत्पादन मिळतं, कारण तिथे दोन-चार अंशांनी सगळं हलतं.

म्हणून कॅफीन काढणारे कारखाने या बिंदूपासून दूर, साधारण २०० ते ३०० बार आणि ८०-९० अंशांवर चालतात. इथे एक योग्य शंका येते: तापमान वाढवलं की घनता कमी होते, मग इतकं गरम कशाला? त्याचं कारण असं की गरम झाल्यावर कॅफीन स्वतः घन अवस्था सोडायला जास्त तयार होतं. दाब कमी असेल तर घनतेची घट वरचढ ठरते आणि कॅफीन कमी विरघळतं. दाब पुरेसा असेल तर कॅफीनची ही तयारी वरचढ ठरते आणि जास्त विरघळतं. २५० बार आणि ८० अंशांना घनता सुमारे ०.६९ उरते, तीही भरपूर.

तिथवरचा रस्ताही आकृतीवर काढून पाहावा. टाकीतला द्रव २० अंश आणि ५७ बारवर असतो. पंपाने आधी २५० बारपर्यंत दाबायचा, मग ८० अंशांपर्यंत तापवायचा. ही वाट क्रिटिकल पॉइंटच्या वरून वळसा घेते आणि उकळण्याची रेषा कुठेच ओलांडत नाही. आधी तापवून मग दाबला तर पंपात वायू शिरतो आणि पंप माल ओढत नाही.

आता हिशोब. १०० किलो कच्च्या रोबस्टा कॉफीबियांत समजा २.२ किलो कॅफीन आहे. जर्मनीसारख्या युरोपीय देशांच्या नियमानुसार भाजलेल्या डिकॅफ कॉफीत ते ०.१ टक्क्याच्या आत हवं, म्हणजे जवळजवळ २.१ किलो बाहेर काढायचं. या स्थितीत कार्बन डायऑक्साइड हजार भागांत एक-दोन भागच कॅफीन धरतो. तेव्हा अगदी आदर्श परिस्थितीतही साधारण १००० ते २००० किलो वायू बियांतून फिरवावा लागतो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. त्यामुळे तोच वायू गोल गोल फिरवतात आणि काम तासन्‌तास चालतं.

दाब आहे, तापमान आहे, तरी कॅफीन निघत नाही

पहिला संशय कोरड्या बियांवर घ्यावा. कच्च्या बियांत १०-१२ टक्के ओलावा असतो, तेवढ्याने भागत नाही. बीमध्ये कॅफीन क्लोरोजेनिक आम्लाशी जोडलेलं असतं. बिया भिजवून ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास नेला की त्या फुगतात, ते बंधन सुटतं आणि वायूला आत वाट मिळते. जर्मनीतल्या म्यूल्हाइमच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोसेल यांनी ही प्रक्रिया बसवली, त्यातही बिया ओल्याच होत्या. बिया कच्च्याच का, हेही लक्षात घ्यावं. भाजलेल्या कॉफीतून कार्बन डायऑक्साइड सुगंधी तेलंही ओढून नेतो. कच्च्या बीतली साखर आणि प्रथिनं मात्र तो जवळजवळ सोडून देतो, आणि भाजताना सुगंध त्यांच्यापासूनच तयार होतो.

सुरुवातीला कॅफीन निघालं आणि नंतर थांबलं, तर बियांकडे नाही, परतीच्या वायूकडे पाहावं. कॅफीन वेगळं करायला दाब सोडतात असा समज आहे. प्रयोगशाळेत ते चालतं, पण टनावारी वायू पुन्हा २५० बारपर्यंत दाबायचा खर्च कारखान्याला परवडत नाही. म्हणून त्याच दाबावर वायू पाण्याच्या धारेने धुतात किंवा सक्रिय कोळशातून नेतात. कोळसा भरून गेला किंवा पाण्याची धार कमी पडली, की वायू कॅफीन घेऊनच बियांकडे परततो आणि नवीन काही उचलत नाही. बियांच्या भांड्यात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे नमुने घ्यावेत. दोन्हींत कॅफीन सारखंच आणि जास्त असेल तर दोष धुण्याच्या भांड्यात. शिरणारा वायू स्वच्छ असून बाहेर येणाऱ्यातही कॅफीन नसेल, पण बियांत अजून ते शिल्लक असेल, तर बियांचा ओलावा मोजावा.