हिंदी बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवताना या चुका टाळा

इंदूरमध्ये मी दर रविवारी मराठीचा वर्ग घेते. मुलं आठ ते तेरा वर्षांची, घरं तीन-चार पिढ्यांपूर्वी इथे येऊन स्थायिक झालेली. आजी मराठीत बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि दोघांचं छान जमतं. आईवडिलांना मात्र चुटपुट लागून राहते, म्हणून ते मुलांना वर्गाला आणून सोडतात.

पहिल्या वर्षी मी भूतकाळ शिकवला, फळ्यावर नियम लिहिले, हिंदी वाक्यांची मराठी करून घेतली. चाचणीत बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यातलाच एक मुलगा मला म्हणाला, ‘ताई, मीने डबा घरीच ठेवला.’ कागदावर त्याने ‘मी’ बरोबर लिहिलं होतं, तोंडात मात्र ‘मैंने’ तसाच राहिला होता. त्यानंतर मी व्याकरण-भाषांतर, प्रत्यक्ष आणि संप्रेषणात्मक या तिन्ही पद्धती आळीपाळीने करून पाहिल्या, आणि प्रत्येकीत चुकले. चुका कुठे होतात ते सांगते.

भाषांतराला लागलेली गुळगुळीत वाट

व्याकरण-भाषांतर पद्धत प्रशियातल्या शाळांत घडली, लॅटिन आणि ग्रीक शिकवण्याच्या जुन्या रीतीवरून. लॅटिन वाक्य उलगडताना विद्यार्थ्याला दर शब्दाला थांबावं लागतं आणि त्या थांबण्यातच नियम मुरतो. हिंदीतून मराठीत येताना थांबावंच लागत नाही. ‘मैंने लड्डू खाया’ याचं ‘मी लाडू खाल्ला’ करायला शब्दाखाली शब्द ठेवला की झालं. मूल नियम न वापरताच उत्तरापर्यंत पोचतं.

म्हणून भाषांतराला दोन्ही भाषा जुळतात ती वाक्यं देऊ नका, त्या जिथे फाटे फोडतात ती द्या. मी आता फळ्यावर तीन जोड्या लिहिते: ‘मैंने खाया, तूने खाया, उसने खाया’ आणि समोर ‘मी खाल्ला, तू खाल्लास, त्याने खाल्ला’. मग एकच प्रश्न विचारते, ‘हिंदीतले दोन ने मराठीत कुठे गेले?’ मुलं स्वतःच शोधतात की मराठीत ‘ने’ फक्त तिसऱ्या माणसाला लागतो. (संतांच्या अभंगांत ‘म्यां’ भेटतं, तेव्हा प्रथम पुरुषालाही वेगळं रूप होतं. मोठ्या मुलांना हे सांगितलं की फार आवडतं.) पुढच्या रविवारी दुसरी जोडी: ‘मैंने मराठी सीखी’ आणि ‘मी मराठी शिकलो’. इथे क्रियापद मराठीला सोडून शिकणाऱ्याच्या मागे गेलं. ‘मैंने चाय पी’ आणि ‘मी चहा प्यायलो’ हेही तसंच. शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे अशी ही छोटी टोळी आहे. ती पाठ करायला लावली तरी हरकत नाही.

हे सगळं मी हिंदीत बोलते आणि आठ-दहा मिनिटांत संपवते.

हिंदीवर बंदी घातली की झालं, असं समजणं

पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. वर्गात हिंदीचा एक शब्दही नको. वस्तू दाखवायची, कृती करायची, मराठीतच विचारायचं, मराठीतच उत्तर घ्यायचं. ही प्रत्यक्ष पद्धत. तिची एक गोष्ट शिक्षकांना सांगितली जाते. 1878 साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी आपल्या शाळेसाठी निकोलस जोली नावाचा फ्रेंच शिक्षक नेमला. तो आल्यावर कळलं की त्याला इंग्रजी येतच नाही. बर्लिट्झ आजारी असल्यामुळे वर्ग त्याच्याकडेच सोपवावा लागला. काही आठवड्यांनी येऊन पाहतात तर विद्यार्थी फ्रेंचमध्ये बोलत होते.

जोलींच्या विद्यार्थ्यांना फ्रेंच कळत नव्हती. अर्थ लावायला प्रत्येक शब्द कान देऊन ऐकावा लागत होता. माझ्या वर्गात मी दही दाखवून म्हणाले, ‘मी दही खाल्लं,’ तेव्हा मुलांना पहिल्या क्षणी सगळं कळलं. ‘खाल्लं’मधला शेवटचा ‘लं’ ऐकायची त्यांना गरजच पडली नाही. अर्थ आधीच हातात होता. नुसतं मराठी कानावर पडून भागलं असतं, तर दहा वर्षं आजीचं बोलणं ऐकणारी ही मुलं केव्हाच बोलू लागली असती.

तुमच्या वर्गातही हेच होतंय का, हे ओळखायला सोपं आहे. मुलं सूचना झटकन पाळतात, हसतात, माना डोलावतात, पण स्वतः बोलताना लिंग हिंदीचं लावतात: ‘पाणी आला’, ‘दुकान बंद झाली’, ‘आवाज आली’. शब्द दोन्ही भाषांत सारखे, लिंग मात्र वेगळं. दुकान हिंदीत स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसकलिंगी. आवाज तिकडे स्त्रीलिंगी, इथे पुल्लिंगी. आणि हिंदीत तिसरं लिंगच नसल्यामुळे ‘ते पाणी, ते घर, ते नाक’ यांना मुलाच्या डोक्यात बसायला खणच नसतो.

प्रत्यक्ष पद्धत मी सोडलेली नाही. शब्द आणि त्याचं लिंग एकत्र बसवायला ती उत्तम आहे. वस्तू हातात द्यायची आणि ‘हा लाडू, ही जिलबी, हे दही, हे पोहे’ असं दर्शक सर्वनामासकटच बोलायचं. नुसतं ‘दही’ कधी म्हणायचं नाही.

खेळ रंगला, पण भाषा बाजूलाच राहिली

संप्रेषणात्मक पद्धत 1970च्या दशकात युरोपात मूळ धरू लागली. भाषेतून काहीतरी साधायचं असेल तर भाषा येते, हे तिचं म्हणणं. आपल्याकडे एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी अशीच, कामं देऊन शिकवून पाहिली. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही, आणि ती मिळवल्याशिवाय काम पुरं होत नाही, हा त्यातल्या कामांचा एक प्रकार.

मी उत्साहाने वर्गात सराफा, म्हणजे इंदूरचा खाऊबाजार, भरवला. अर्धी मुलं दुकानदार, अर्धी गिऱ्हाईकं, खोट्या नोटा, कागदी बश्या. तासभर कल्ला झाला. कान देऊन ऐकलं तर, ‘मीने दही घेतला, भैया, पैसे दिला ना!’ बोटाने दाखवलं की दही मिळत होतं. व्यवहार पुरा होत होता, म्हणून चूक कोणाला टोचत नव्हती.

इथे अडचण खेळाच्या बांधणीत होती. जे रूप शिकवायचं त्याच्यावाचून अर्थ पोचत असेल, तर मूल ते रूप कशाला वापरील? म्हणून खेळ असा बांधायचा की अर्थ त्या शेवटच्या अक्षरावरच टांगलेला असेल.

आता मी चार बश्या मांडते: लाडू, जिलबी, दही, पोहे. एक मूल पडद्यामागे जातं, एका बशीतला घास खातं आणि बाहेर येऊन दोनच शब्द बोलतं. पदार्थाचं नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ‘मी खाल्ला’ म्हणजे लाडू, ‘खाल्ली’ म्हणजे जिलबी, ‘खाल्लं’ म्हणजे दही, ‘खाल्ले’ म्हणजे पोहे. बाकीच्यांनी ओळखून त्या बशीवर हात ठेवायचा.

पहिल्याच फेरीत एक मुलगी दही खाऊन आली आणि म्हणाली, ‘मी खाल्ला.’ सगळ्यांचे हात लाडवावर. ती पाय आपटत ओरडली, ‘अरे नहीं, दही!’ मी काही बोलले नाही. शेजारचा मुलगाच म्हणाला, ‘मग खाल्लं म्हण ना!’ हिंदीत दही पुल्लिंगी, म्हणून ती ‘खाल्ला’ म्हणाली. पण या वेळी चुकीमुळे तिचं म्हणणंच पोचलं नाही, आणि ते तिला स्वतःला कळलं.

बश्या निवडताना एक सांभाळा. केळी ठेवू नका. ‘मी केळी खाल्ली’ या अनेकवचनी रूपाचा शेवटही ‘ली’च होतो आणि जिलबीशी गोंधळ उडतो. चार बश्यांना चार वेगळे शेवट हवेत. चाळीसचा वर्ग असेल तर पाच-पाचचे गट करा, नाहीतर एक मूल खातं आणि एकोणचाळीस बघत बसतात.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांनाही हाच उपाय. एक मूल म्हणतं, ‘आपण राजवाड्यावर जातोय’ किंवा ‘आम्ही राजवाड्यावर जातोय.’ ऐकणाऱ्यांनी आपल्याला बोलावलंय असं वाटलं तरच उठायचं. पुस्तकी हिंदीत दोन्हींना ‘हम’च आहे, पण इंदुरी हिंदीत ‘अपन’ आहे, त्यामुळे आमच्या मुलांना हे पटकन कळतं. भाषांतर करायचं तर मुलाच्या तोंडातल्या हिंदीतून करा.

‘मीने’ मात्र या खेळाने जात नाही. ‘मीने खाल्लं’ म्हटलं तरी सगळ्यांचे हात दह्यावरच जातात, कारण तो ‘ने’ अर्थात काहीच बदल करत नाही. अर्थाला धक्का न लावणारी चूक खेळात दिसत नाही. तिच्यासाठी फळ्यावरच्या त्या तीन जोड्याच लागतात. आता पाठ आखताना मी आधी हेच बघते की चुकीचं रूप वापरलं तर समोरच्याचा गैरसमज होईल का. होणार असेल तर खेळ, नसेल तर फळा आणि हिंदी.

दुरुस्ती, जी ऐकूच जात नाही

मूल म्हणतं, ‘मीने पाणी आणला.’ आपण मायेने म्हणतो, ‘हो का, पाणी आणलंस?’ मूल म्हणतं, ‘हां.’ आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली. मुलाला वाटतं ताईंनी खात्री करून घेतली. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षक सर्वांत जास्त हीच पद्धत वापरताना दिसले, आणि मुलांनी स्वतःची चूक सुधारली असं या पद्धतीने सर्वांत कमी घडलं. जवळच्या भाषांत तर दुरुस्ती आणखीच निसटते, कारण दोन्ही वाक्यं कानाला जवळजवळ सारखीच लागतात.

त्याऐवजी वाक्य अर्धं परत करा: ‘ते पाणी मी आण...?’ आणि गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. हे पाच आकडे शिक्षकाला फार जड जातात, मला अजूनही जातात. तिसऱ्या आकड्यापर्यंत मूल बहुधा छताकडे बघत असतं, चौथ्याला ओठ हलतात. तोपर्यंत उत्तर आपण द्यायचं नाही.